कपाटात ठेवलेल्या बुटांचा सोल कुजला आहे: नवा सोल बसवावा की बूटच बदलावेत?

केदार_बावडा · ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मी २०१९ साली ४,२०० रुपयांना तपकिरी रंगाचे, नाडीचे, अस्सल चामड्याचे बूट घेतले होते. कचेरीत मी सँडल वापरतो, त्यामुळे हे बूट लग्नकार्यापुरतेच खोक्याबाहेर निघत आणि आजवर चाळीस वेळाही ते पायात गेले नसतील. गेल्या महिन्यात मावसभावाच्या लग्नात मी ते घालून तासभर कार्यालयात हिंडलो असेन, तेवढ्यात मागून येणाऱ्या काकूंनी थांबवून सांगितले की माझ्या पाठोपाठ फरशीवर काळ्या चुऱ्याची रांग पडत आहे. पाहतो तर उजव्या टाचेचा निम्मा भाग ओल्या ढेकळासारखा फुटून गेला होता.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका कारागिराकडून दीडशे रुपयांत सोल चिकटवून घेतला. तो तीन दिवसांत पुन्हा सुटला. त्यानंतर दोन ठिकाणी विचारले. एकाने नवा सोल बसवण्याचे ८५० रुपये सांगितले, तर एका बुटांच्या दुकानात 'हे टाकून द्या, आता यात काही राहिले नाही' असे उत्तर मिळाले. वरचे चामडे मात्र अगदी नव्यासारखे आहे, एकही चीर नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. ८५० रुपये घालणे शहाणपणाचे ठरेल का, आणि कोल्हापुरात हे काम नीट करणारा कारागीर मी कसा ओळखावा?

हिशोबी · ९ जून, रात्री १०:१५

याचा हिशोब सोपा आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या जोडाच्या निम्म्यापेक्षा कमी येत असेल तर दुरुस्ती करावी, जास्त येत असेल तर नवा जोड घ्यावा. तुमच्या बुटांसारखा जोड आज साडेपाच हजारांच्या खाली मिळणार नाही, म्हणजे ८५० रुपये हे सहाव्या भागाहूनही कमी झाले. डोळे मिटून करून घ्या.

मंगळवारपेठी · १० जून, सकाळी ७:५०

माझेही असेच झाले आहे. माझ्या कापशी पायताणाची टाच एका बाजूने झिजली आहे आणि तळाच्या दोन थरांमध्ये फट पडली आहे. चप्पल लाइनीत दोन दुकानांत दाखवले, तर दोघेही नवे घ्या म्हणतात. जुने पायताण पायाला बसलेले आहे, नवे घेतले की पुन्हा महिनाभर चावणार. यावर नवा तळ बसतो का?

फरमा · १० जून, दुपारी १:२०

केदार, उत्तर देण्याआधी मला तुमच्याकडून एक निरीक्षण हवे आहे. तीन दिवसांनी सोल पुन्हा सुटला, तेव्हा तो नेमका कोठून सुटला? बुटाचा तळ आणि सुटलेला सोल या दोन्ही पृष्ठभागांवर काय दिसते, ते पाहून सांगा. चिकटवलेल्या थरातच तो वेगळा झाला असेल तर दोन्हीकडे पिवळसर, रबरासारखा गोंद दिसेल. गोंद आपल्या जागी घट्ट आहे आणि त्याला सोलचाच पातळ पापुद्रा चिकटून राहिला आहे असे असेल, तर प्रकरण वेगळे आहे.

हिशोबी यांच्या निम्म्या किमतीच्या नियमाबद्दल नंतर लिहितो, कारण तो मला अर्धाच पटतो.

केदार_बावडा · १० जून, रात्री ८:०५

पाहिले. बुटाच्या तळाला गोंद तसाच आहे आणि त्यावर काळ्या सोलचा साधारण एक मिलिमीटरचा थर सगळीकडे चिकटलेला आहे. त्या थरावर बोट घासले की काळी पूड निघते आणि ती थोडी चिकट लागते. डाव्या बुटाचा सोल अजून शाबूत आहे, पण टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोलगट भागात केसासारख्या बारीक भेगा दिसत आहेत.

फरमा · १० जून, रात्री ९:५०

मग तुमच्या पहिल्या कारागिराच्या गोंदाचा काही दोष नाही. त्याचा गोंद धरून राहिला, तुटला तो सोल स्वतः. हा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल आहे. मी आधी आग्र्याला आणि पुढे राणीपेटला बुटांच्या कारखान्यांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथे परत आलो. या एका तक्रारीची पत्रे मी आयुष्यभर वाचली आहेत, आणि त्यांतला ग्राहक बहुधा तुमच्यासारखाच असतो, म्हणजे बूट जपून ठेवणारा.

पीयू हा खरे तर बारीक बुडबुड्यांचा फेस असतो आणि त्यामुळेच तो हलका आणि मऊ लागतो. बुटांसाठी त्याचा जो प्रकार सर्रास वापरतात, तो झिजेला आणि तेलाला चांगला टिकतो, पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातो. बूट पायात असो वा कपाटात, हे चालूच राहते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातील पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, आणि असे पाच-सहा पावसाळे खोक्यात काढलेला सोल बाहेरून चकचकीत दिसत असला तरी आतून बिस्किटासारखा झालेला असतो. ही क्रिया उलटी फिरवता येत नाही. डाव्या बुटाच्या खोलगट भागातील भेगा हीच तिची पहिली खूण आहे, तेव्हा तो सोलही गेला असेच धरा. दोन्ही बुटांचे सोल एकाच वेळी बदला. एकच बदलला तर दोन पायांची उंचीही सारखी राहणार नाही.

घरातल्या इतर बुटांची परीक्षा करायची असेल, तर सोलच्या कडेत अंगठ्याचे नख जोराने दाबा. चांगला पीयू दबतो आणि पुन्हा वर येतो. बिघडलेल्यात नखाचा वण तसाच राहतो किंवा कपचा निघतो. रबर आणि टीपीआर, म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, यांचे सोल हातात जड लागतात आणि त्यांना हा रोग होत नाही.

आता खर्चाबद्दल. हिशोबी किमतीची तुलना किमतीशी करतात. मी तुलना करतो ती नव्या सोलचे आयुष्य आणि वरच्या भागाचे उरलेले आयुष्य यांची. समजा रेक्झिनचा १,४०० रुपयांचा जोड आहे आणि त्याला ५०० रुपयांत सोल बसतो. निम्म्या किमतीच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती योग्य ठरेल, पण बोटांच्या घडीवर त्याचा लेप सोलायला लागला असेल, तर सहा महिन्यांत नव्या सोलवर फाटका बूट उरतो. याच्या उलट, चांगल्या चामड्याच्या बुटाला निम्म्याहून अधिक खर्च आला तरी मी तो करीन, कारण तसे चामडे आणि तसा पायाला बसलेला आकार बाजारात त्या फरकाच्या पैशांत मिळत नाही.

हिशोबी · १० जून, रात्री १०:३०

रेक्झिनचा मुद्दा मान्य आहे. पण सामान्य माणसाने वरच्या भागाचे 'उरलेले आयुष्य' मोजायचे कसे? माझ्या नियमाला निदान आकडा तरी आहे.

फरमा · ११ जून, सकाळी ११:१०

रास्त प्रश्न आहे. मी तीन जागा पाहतो. पहिली जागा बोटांच्या मागे पडणारी घडी. तेथे सुरकुती असणे स्वाभाविक आहे, परंतु बूट वाकवल्यावर सुरकुतीच्या तळाशी चामड्याचे तंतू दिसत असतील, तर ती चीर आहे आणि ती वाढतच जाते. दुसरी जागा टाचेचा मागचा ताठ कप. दोन बोटांत धरून दाबला असता तो कागदासारखा आत गेला, तर बूट पाय धरणार नाही, आणि तो कप बदलणे म्हणजे अर्धा बूट उसवणे होय. टाचेजवळचे अस्तर फाटणे मात्र किरकोळ आहे, तेथे चामड्याचा तुकडा बसतो.

तिसरी जागा फक्त जुना सोल काढल्यावरच दिसते, आणि केदार यांच्या बाबतीत निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. वरचे चामडे खाली मुडपून ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले असते, तो पुठ्ठा ओलाव्याने पिचला असेल किंवा मुडपलेली कड अर्ध्या बोटापेक्षा कमी उरली असेल, तर नव्या सोलला धरायला काही राहत नाही. म्हणून कारागिराला सांगा की आधी सोल काढा, तळ मला दाखवा आणि मग किंमत ठरवू. चांगला कारागीर याला नाही म्हणणार नाही.

शिरोलीकर · ११ जून, दुपारी ३:४५

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पर्यवेक्षक आहे. आमच्या कामगारांच्या सेफ्टी शूजचे सोल वर्षभरात सुटतात आणि बरेच जण बाहेरून चिकटवून किंवा शिवून घेतात. वरचे चामडे जाड आणि उत्तम असते. फरमा यांच्या निकषांप्रमाणे त्यांना नवा सोल बसवणे फायद्याचे ठरेल असे वाटते. शंभर जोड एकदम दिले तर दरही कमी होईल.

फरमा · ११ जून, सायंकाळी ६:३०

नको, कृपया तसे करू नका. माझे निकष चालण्याच्या बुटांसाठी आहेत. आयएस १५२९८ हे मानक संपूर्ण बुटाची चाचणी घेते, त्यात सोलची घसरण, तेल आणि चवड्यावरचा आघात हे सगळे येते. बाहेर बसवलेल्या सोलची कोणीही चाचणी घेतलेली नसते. आणि वितळलेल्या धातूजवळ तर उष्णता सोसणारा रबरी सोलच हवा, पीयू तेथे मुळातच चुकीचा आहे. वर्षभरात सोल सुटत असतील तर खरेदी करतानाच सोलचा प्रकार बदलून मागा. शिवलेला सेफ्टी शू फाउंड्रीच्या फरशीवर मला पाहवणार नाही.

शिरोलीकर · ११ जून, सायंकाळी ७:००

खरेदी विभाग दर पाहून घेतो, मानक कोण वाचतो? तरीही हा धागा त्यांना दाखवतो.

रापी · ११ जून, रात्री ११:२०

माझ्या आबांचे बूटदुरुस्तीचे दुकान होते आणि शाळा सुटल्यावर माझी संध्याकाळ तेथेच जात असे. फरमा यांनी कारखान्याच्या बाजूने लिहिले आहे, मी दुकानात बसणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण 'चांगला कारागीर' शोधताना लोक बहुतेक वेळा चुकीची गोष्ट पाहतात. ते पाहतात की काम किती झटपट होते. बसल्या जागी दहा मिनिटांत सोल चिकटवून देणारा माणूस गिऱ्हाइकाला हुशार वाटतो, आणि 'उद्या संध्याकाळी या' म्हणणाऱ्याकडे लोक पाठ फिरवतात. खरे काम मात्र दुसराच करत असतो.

सोल चिकटवण्यात गोंद लावणे हा सर्वांत छोटा भाग असतो. आधी जुना गोंद आणि जुन्या सोलचा प्रत्येक कण कानशीने घासून काढावा लागतो, आणि केदारदादांच्या बुटांच्या बाबतीत तर ती पूड तळाच्या रंध्रांतून निघेपर्यंत घासावे लागेल, नाहीतर नवा सोल पुन्हा त्या पुडीलाच चिकटेल. मग दोन्ही बाजूंना गोंद लावायचा. चामडे तो पिऊन टाकते, म्हणून चामड्याच्या बाजूला दुसरा हात द्यावा लागतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. बोट लावल्यावर ते चिकटते, पण गोंद बोटाला येत नाही, ही वेळ साधायची. पावसाळी हवेत याला जास्त वेळ लागतो आणि घाई केली तर आत ओल कोंडते. मग थोडी ऊब देऊन दाबायचे, फरम्यावर ठोकायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. आबा म्हणायचे की रात्र हा या कामाचा सर्वांत स्वस्त कामगार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता गोंद. डब्यातले पिवळे सोल्यूशन चामड्याला आणि साध्या रबराला उत्तम धरते. पीव्हीसी आणि पीयूच्या सोलला ते काही दिवस धरते आणि मग सोलते, त्यांना पीयूचा पांढुरका गोंद लागतो, आणि टीपीआर असेल तर त्याआधी एक पातळ द्राव पुसावा लागतो. म्हणून कारागिराला एकच प्रश्न विचारा: 'हा सोल कशाचा आहे आणि याला कोणता गोंद लावणार?' उत्तरात इंग्रजी नावे यायला हवीत असे नाही. 'याला वेगळा गोंद लागतो, तो गरम करून लावावा लागतो' एवढे म्हणाला तरी पुरे. 'सगळ्याला एकच चालते' असे म्हणाला तर फक्त पॉलिश करून घ्या आणि घरी या.

कारागिराचा शोध घ्यायचा तर गिऱ्हाइकांना विचारू नका. सोलचे शीट, टाचा आणि गोंद घाऊक विकणाऱ्या दुकानात जा आणि पीयू गोंद नियमाने कोण नेतो ते विचारा. तो गोंद महाग असतो आणि डबा उघडल्यावर लवकर वाया जातो, त्यामुळे ज्याच्याकडे तशी कामे येतात तोच तो घेतो. तेथे दोन नावे मिळाली की मोठे काम देण्याआधी त्यांना टाचेचे काम द्या. टाचेचा झिजलेला थर बदलणे साठ-सत्तर रुपयांचे काम आहे, पण त्यात माणूस कळतो. नव्या थराची कड जुन्या टाचेशी सपाट घासली आहे का, खिळ्यांची डोकी आत बसली आहेत का, आणि बूट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो का, हे पाहा.

डोंगरवाट · १२ जून, सकाळी ६:४०

रापीताई, एक शंका आहे. आमच्या गटात सगळेच जण बुटांना कडेने शिवण मारून घेतात आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मग चिकटवण्याचा एवढा खटाटोप कशाला? गेल्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालताना माझ्या ट्रेकिंग शूजचा सोल मसाई पठारावर सुटला आणि मी तो नाडीने बांधून पुढे गेलो. परतल्यावर शिवूनच घेतला.

रापी · १२ जून, दुपारी २:१०

सोल जर वाटीसारखा असेल, म्हणजे त्याची कड बुटाच्या अंगावर चढत असेल आणि तो रबराचा असेल, तर शिवण उत्तम. कॅनव्हासच्या बुटांना आबा नेहमी शिवत असत. पीयूला आरीने भोके पाडली की ती ओळीत पडतात आणि पोस्टाचे तिकीट जसे भोकांवरून फाटते तसाच सोल त्या ओळीवर फाटतो, शिवाय प्रत्येक भोकातून पाणी आत जाते. तुमच्या बुटात बाहेरचा जाड रबरी थर चांगला असेल, पण त्याच्यावरचा मऊ थर बहुधा पीयूचा आहे आणि सुटला तो तोच. शिवणीने तुम्ही चांगला थर कुजलेल्या थराला बांधला आहे.

आणखी एक प्रकार असतो, जुन्या पद्धतीचे जोड, ज्यांत चामड्याची अरुंद पट्टी कडेने फिरवून सोल तिला शिवलेला असतो. सोल अनेकदा बदलता यावा म्हणूनच ते तसे बनवतात. त्यांना कोणी घाईत खिळे ठोकले तर ती पट्टी फाटते आणि पुढच्या वेळी शिवायला जागा राहत नाही. असा जोड घरी असेल तर हातात हातोडा घेतलेल्या माणसापासून तो दूर ठेवा.

डोंगरवाट · १२ जून, रात्री ९:००

मऊ थर पीयूचा आहे हे आत्ता नख दाबून पाहिले आणि वण राहिला. पण फरमा यांच्या एका विधानाशी मी सहमत नाही. ते म्हणतात की बूट घातले काय आणि ठेवले काय, सोल कुजतोच. माझा अनुभव उलट आहे. रोज वापरातले बूट सात वर्षे टिकले आणि त्याच सुमारास घेतलेला, पेटीत ठेवलेला जोड गेला. चालताना दाब पडून सोलमधला ओलावा बाहेर फेकला जातो असे ऐकले आहे.

फरमा · १३ जून, सकाळी १०:२५

कारखान्यातही हे मत असणारे पुष्कळ जण होते. मला ते पूर्ण पटत नाही. रोजच्या वापरातील बूट उन्हात आणि वाऱ्यावर असतात, पेटीतला जोड कोंदट हवेत असतो, म्हणून फरक दाबाचा नसून हवेचा असावा असे माझे मत आहे. शिवाय रोजच्या वापरातला सोल कुजण्याआधीच झिजून टाकला जातो, त्यामुळे त्याचा कुजणारा काळ आपल्याला दिसतच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत, एवढ्यावर मात्र आपले दोघांचेही एकमत व्हावे.

डोंगरवाट · १३ जून, सकाळी १०:५०

पिशवीबद्दल सहमत. बाकी मी माझ्या सात वर्षांच्या जोडावर ठाम आहे.

मंगळवारपेठी · १३ जून, दुपारी १२:१५

माझ्या पायताणाचे राहून गेले.

रापी · १३ जून, रात्री १०:००

क्षमा असावी मामा. तुमचा प्रश्न वेगळ्या कामाचा आहे. बूट दुरुस्त करणारा आणि पायताण बनवणारा हे दोन निराळे कारागीर आहेत, आणि तुम्ही गेलात ती विक्रीची दुकाने होती, तेथे विकायलाच बसलेले असतात. तुम्हाला स्वतः हाताने शिवणारा माणूस हवा, तो सुभाषनगर किंवा जवाहरनगरात शोधा. खऱ्या पायताणाचा तळ थरांचा असतो आणि तो चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. थरांमध्ये फट पडली असेल तर बहुधा ती वादी झिजून तुटली आहे. तेवढी शिवण उसवून नव्या वादीने पुन्हा शिवता येते आणि टाचेखाली चामड्याचा नवा तुकडा बसतो. तळाचे चामडे पाण्याने फुगून स्पंजासारखे झाले असेल, तर मात्र ते शिवण धरत नाही.

काही जण खाली रबर ठोकून देतात. त्याने झीज थांबते, पण तळ वाकेनासा होतो आणि रबर व चामडे यांच्यामध्ये पाणी अडकते. आबांना ते मुळीच मान्य नव्हते. माझा भाऊ मात्र स्वतःच्या पायताणाला रबर लावूनच वापरतो आणि तीन वर्षे त्याची काही तक्रार नाही, तेव्हा मी हट्ट धरत नाही.

मंगळवारपेठी · १४ जून, सकाळी ८:१०

पावसात दोनदा भिजले होते, ते लिहायचे राहिले. आता तळ दाबून पाहतो.

केदार_बावडा · ६ जुलै, रात्री ९:१५

उशिरा लिहीत आहे, पण सविस्तर लिहितो.

रापीताईंनी सांगितल्याप्रमाणे मी सोलचे सामान विकणाऱ्या एका दुकानात जाऊन विचारले. दुकानदार आधी हसला आणि मग त्याने दोन जणांचा पत्ता दिला. पहिल्याकडे बायकोच्या सँडलची टाच करून घेतली. काम वाईट नव्हते, पण कड घासलेली नव्हती आणि एक खिळा किंचित वर आला होता. दुसऱ्या मामांकडे आईच्या चपलेची टाच दिली, ती टेबलावर ठेवली तर हललीसुद्धा नाही. म्हणून बूट त्यांच्याकडे नेले.

मी गोंदाचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर देण्याऐवजी बूट हातात घेतला, सोलला नख लावले आणि म्हणाले, 'हा काढूनच टाकावा लागेल, यावर काहीच चिकटत नाही.' सोल काढल्यावर तळ दाखवला. डाव्या बुटाचा पुठ्ठा उत्तम होता. उजव्याचा टाचेकडील भाग नखाने उकरला जाईल इतका मऊ झाला होता. त्यांनी तेवढा भाग कापून चामड्याचा तुकडा बसवला आणि त्याचे १२० रुपये वेगळे सांगितले. मधल्या कमानीतील पोलादी पट्टी गंजलेली नव्हती, ती तशीच ठेवली.

सोल निवडताना एक पेच पडला, आणि तो मला आधी कोणी सांगितला नव्हता. जुना पीयू साच्यातच बुटावर ओतलेला होता आणि त्याची कड चामड्यावर बोटभर चढलेली होती. ती निघाल्यावर खाली चामड्याचा खरवडलेला, रंग नसलेला पट्टा उघडा पडला. सपाट रबरी शीट लावले असते तर तो पट्टा कायम दिसत राहिला असता. मामांनी कड वर येणारा तयार टीपीआर सोल सुचवला, पण माझ्या मापाचा सोल मधल्या भागात रुंद पडत होता. एक माप लहान घेऊन पाहिले तर चवड्याला आखूड. शेवटी रुंद सोल घेऊन त्यांनी तो मशिनवर कडेने घासून बसवला. तरीही आतल्या बाजूला दोन मिलिमीटरचा पट्टा दिसतो, त्यावर रंग दिला आहे.

बूट तीन दिवस ठेवून घेतले. सोल ८५० आणि तुकडा १२०, असे एकूण ९७० रुपये झाले. बूट पूर्वीपेक्षा जड झाले आहेत आणि चालताना टाचेचा आवाज येतो, पण दोन आठवड्यांच्या पावसात कड कोठेही उघडलेली नाही.

फरमा · ७ जुलै, सकाळी ११:४०

खरवडलेल्या पट्ट्याची सूचना मी आधीच द्यायला हवी होती. ओतीव सोलच्या प्रत्येक बुटात तो निघतोच. तुमच्या मामांनी पोलादी पट्टी पाहिली, यावरून मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त कळले. ती बहुतेक जण पाहत नाहीत आणि मग बूट मध्येच वाकतो.

चवड्याच्या घडीच्या दोन्ही टोकांना कड आधी उघडते. महिन्यातून एकदा तेथे नख घालून पाहा, आणि केसाएवढी फट दिसली तरी आत पाणी जाण्याआधीच बूट दाखवा.

हिशोबी · ७ जुलै, दुपारी १:०५

९७० रुपये म्हणजे अजूनही माझ्या नियमातच बसते, हे नम्रपणे नमूद करतो.

केदार_बावडा · ७ जुलै, रात्री ८:३०

बसते खरे. फक्त एक भर घालतो. काल रात्री घरातल्या सगळ्या बुटांना नख लावून पाहिले. बाबांचे सकाळी फिरायला जायचे बूट दोन वर्षांपूर्वीचे आहेत, ते रोज वापरात आहेत आणि वर आला नाही असा वण त्यांच्या सोलवर पडला. भेग मात्र एकही नाही. आता डोंगरवाट यांचे खरे मानून ते वापरत राहावे की फरमा काकांचे मानून आत्ताच सोल बदलावा?

डोंगरवाट · ७ जुलै, रात्री ९:२०

वापरू द्या. पण बाबांना काही दिवस एकट्याने रंकाळ्याला फेरी मारू देऊ नका.